पेनांचा डबा भरल्यावर काय करायचं

प्रश्न: आमच्या शाळेत वापरलेली पेनं आणि रिफिली गोळा करायला डबा ठेवला होता. तो आता काठोकाठ भरलाय. भंगारवाला घ्यायला तयार नाही. याचं काय करायचं? मुलांकडून पेन स्टँड वगैरे काही बनवून घेता येईल का?

पेन स्टँडचं आधी मिटवून टाकतो. करू नका. 'टाकाऊतून टिकाऊ'च्या प्रदर्शनात पेनांचे मनोरे आणि फोटोफ्रेम मांडतात, पाहुणे कौतुक करतात, आणि वर्ष संपायच्या आत ते सगळं स्टोअररूममधून घंटागाडीत जातं. वर त्यावर ग्लू गन चालवलेली असते. प्लास्टिकवर दुसऱ्या जातीचं प्लास्टिक वितळवून चिकटवलं की तो माल भंगारातूनही बाद. आधी निदान सुटी पेनं तरी होती. ज्या शिक्षकांशी माझा यावरून वाद झाला त्यांचं म्हणणं, मुलांची सर्जनशीलता वाढते. वाढू दे, पण मग पुठ्ठा द्या ना हातात.

तुमचा भंगारवाला आडमुठेपणा करत नाहीये. एका पेनात चार-पाच जातींचा माल असतो: पारदर्शक नळी बहुतेक पॉलिस्टायरीनची, टोपण आणि रिफिलची नळी पॉलिप्रॉपिलीनची, बोटांखालची पकड रबरासारख्या मऊ प्लास्टिकची, टिकटिक करणाऱ्या पेनात स्टीलची स्प्रिंग, टोकाला पितळ आणि त्यात टंगस्टन कार्बाइडची बारीक गोळी. हे सगळं एकत्र दळलं तर धातूने पात्याची धार जाते आणि उरलेली शाई सगळ्या दाण्यांना रंगवते. शिवाय वजन काहीच नाही. साधं पेन सहा-सात ग्रॅमचं धरा, म्हणजे एका किलोला दीडशेच्या आसपास पेनं लागतात. तेवढी सोडवत बसायला त्याला परवडणार कसं? ते काम शाळेनेच करायला हवं.

पण सोडवण्याआधी डबा वर्तमानपत्रावर पालथा करा आणि प्रत्येक पेन रद्दी कागदावर चालवून बघा. हीच पायरी सगळे टाळतात. डब्यात चालू पेनं भरपूर निघतात, आणि बंद पडलेल्यांतही शाई असते. बॉलपेन असेल तर टोक पाच मिनिटं कोमट पाण्यात धरा, पुसा आणि चपलेच्या रबरी तळव्यावर घासा. गोळीभोवती अडकलेला कागदाचा भुगा आणि घट्ट झालेली शाई सुटते. जेलपेनचा आजार वेगळा. ते टोकावर पडलं की गोळीची बैठक बिघडते किंवा शाईच्या मध्ये हवेचा बुडबुडा शिरतो. नळीत पांढरी फट दिसली की बुडबुडा समजा. रिफिलच्या मागच्या टोकाला दोरा चिकटपट्टीने घट्ट बांधा, लिहिण्याचं टोक बाहेर ठेवून मैदानात गोफणीसारखं गरगर फिरवा. शाई टोकाकडे सरकते, हवा मागे येते. तोंडाने फुंकू देऊ नका, शाई उलटी तोंडात येते. गोळीच निघून गेली असेल तर काही उपाय नाही. कडक झालेल्या स्केचपेनच्या मागचं बूच काढून आतल्या कापसावर पाण्याचे चार थेंब टाकले तर ते आणखी थोडे दिवस चालतं.

आता मेलेली पेनं. वर्गीकरण जातीने करायचं, रंगाने नाही. एका बनावटीचं एक पेन तपासलं की त्या बनावटीची सगळी तशीच धरा. नळीचा दोन सेंटिमीटरचा तुकडा कापा आणि पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून त्यात बुडवा. नळीतली हवा पूर्ण निघेपर्यंत उभा धरा, नाहीतर आतल्या हवेमुळे सगळंच तरंगेल आणि चाचणी खोटी पडेल. सोडल्यावर वर आला तर बहुधा पॉलिप्रॉपिलीन. बुडाला तर लिटरभर पाण्यात दीडशे ग्रॅम मीठ विरघळवा. त्यात जो वर येतो तो बहुधा पॉलिस्टायरीन किंवा एबीएस नावाचं आणखी एक कडक प्लास्टिक. दोन्हींतला फरक हाताने कळतो. पॉलिस्टायरीन कडकन तुटतं, एबीएस आधी वाकून पांढरं पडतं. मिठातही तळाशी राहिलं तर ते वेगळ्या पिशवीत.

समजा डब्यात पाच किलो निघाले, म्हणजे साधारण सातशे पेनं. त्यातून टोपणांची एक पिशवी होईल, कडक नळ्यांची एक, स्प्रिंगांची एक छोटी डबी (ती लोखंडाच्या भावात जाते) आणि किलोच्या आसपास रिफिली. खरी अडचण या रिफिलींची. टोकाचं पितळ विकू म्हणून कोणी पकडीने टोकं उपटायला बसतं. सगळी टोकं मिळून मूठभर पितळ, आणि हात, बाक, गणवेश निळे. बॉलपेनची शाई सॅनिटायझरने बरीच निघते, जेलची निघत नाही. रिफिली कापूच नका. झाकणाच्या बाटलीत भरून सुक्या कचऱ्यात वेगळ्या द्या. पुनर्वापर न होणारा सुका माल बऱ्याच शहरांतून सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून जातो, तिथे त्या चालतात. बाकीचा माल एका शाळेचा फार थोडा होतो. आसपासच्या चार-पाच शाळांचा एकत्र करून एकेका जातीची गोणी भरली तरच कोणी दारात येईल. पुण्यात असाल तर 'स्वच्छ' सहकारी संस्थेच्या तुमच्या भागातल्या कचरावेचकांना आधी विचारा, तो माल कुठे खपतो हे त्यांना ठाऊक असतं.

आणि डबा परत ठेवणार असाल तर 'कोणत्या वर्गाची सर्वात जास्त पेनं' ही स्पर्धा लावू नका. बक्षीस लावलं की मुलं घरातली चालू पेनं आणतात, आणि काही पालक बक्षिसासाठी नवं पाकीट फोडून पाठवतात. ओळखायचं सोपं आहे: टोपणं नवी, चावलेली नाहीत आणि एकाच बनावटीची दहा-दहा पेनं एका पिशवीत. एका शाळेत हे दाखवून दिलं तर मुख्याध्यापक म्हणाले, आकडा तर वाढलाय ना! अहवालात आकडाच लागतो, मान्य. मग आकडा उलटा मोजा. शाळेच्या भांडारात पेनांऐवजी रिफिली ठेवा आणि वर्षभरात किती रिफिली गेल्या ते फळ्यावर लिहा. जुनी रिफिल दाखवल्याशिवाय नवी द्यायची नाही. कारण जाडी सारखी दिसली तरी लांबी आणि स्प्रिंग अडवणारे कानासारखे उंचवटे बनावटीगणिक वेगळे असतात. चुकीची घातली तर टोक आत-बाहेर होत राहतं आणि मूल पुन्हा दहाचं पेन विकत घेतं. ज्या पेनाचं मागचं बूच निघत नाही ते भांडारात ठेवूच नका.

एक राहिलं. सोडवण्याचं काम सातवीच्या खालच्या मुलांना देऊ नका. स्प्रिंग उडून डोळ्यात जाते आणि पॉलिस्टायरीनच्या तुटलेल्या कडा ब्लेडसारख्या असतात. आणि व्हाइटबोर्डच्या मार्करवर वरचा पाण्याचा उपाय चालत नाही, त्याची शाई स्पिरिटची असते. त्याच्या शाईच्या बाटल्या वेगळ्या मिळतात, त्याने बरेच मार्कर पुन्हा भरता येतात. शिक्षक कंटाळा करतात एवढंच.