मोडीच्या पाटीवरचे टक्के आणि हातात पडणारी रक्कम

प्रश्न: सांगलीत सराफ कट्ट्यावर आमच्या नेहमीच्या पेढीत पाटी लागली आहे. ‘आमच्या पेढीचा हॉलमार्क दागिना: बदलीस घट नाही, रोख मोडीस २ टक्के घट. इतर पेढीचे व बिगर हॉलमार्क दागिने: आटणी करून कसाप्रमाणे, वर ३ टक्के घट. खडे, मणी, लाख, दोरा वजा. घडणावळ व जीएसटी परत मिळणार नाही.’ आमच्याकडे आजेसासूबाईंची ३२ ग्रॅम भरणारी लाखेची बोरमाळ आणि याच पेढीच्या २० ग्रॅमच्या बांगड्या आहेत. नेमकं किती कापलं जाईल?

उत्तर:

मोड कोणत्या भावाने घ्यायची आणि घट किती लावायची हे कुठल्या कायद्याने ठरवलेलं नाही. ती त्या पेढीची अट असते, म्हणून पाटी लावली आहे हे चांगलंच. पण पाटीवर फक्त टक्के आहेत. ते टक्के कोणत्या वजनावर, कोणत्या कसावर आणि कोणत्या दरावर लागणार हे तिथे लिहिलेलं नाही, आणि खरा फरक या तीन गोष्टींतच पडतो.

आधी बांगड्या, कारण त्यांचा हिशोब सरळ आहे. त्यांच्यावर बीआयएसचं चिन्ह, २२ के ९१६ आणि सहा अक्षर-अंकी एचयूआयडी आहे का पाहा. तो क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की दागिन्याचा प्रकार, शुद्धता आणि कोणत्या परख केंद्रात तपासणी झाली ते दिसतं. हे जुळलं की कसाचा वाद उरत नाही. हिशोबाच्या सोयीसाठी चोख सोन्याचा दर ग्रॅमला १०,००० रुपये धरू. तुम्ही जाल त्या दिवशीचा दर घाला. ९१६ म्हणजे ९१.६ टक्के सोनं, त्याचा दर झाला ९,१६०, म्हणजे २० ग्रॅमचे १,८३,२०० रुपये. २ टक्के म्हणजे ३,६६४ वजा जाऊन रोख मोडीला १,७९,५३६ मिळतील.

‘बदलीस घट नाही’ याचा अर्थ बदल फुकट होतो असा धरू नका. त्याच २० ग्रॅमच्या नव्या बांगड्या घेतल्या आणि घडणावळ १२ टक्के असली, तर सोनं १,८३,२००, घडणावळ २१,९८४ आणि या दोन्हींच्या बेरजेवर ३ टक्के जीएसटी ६,१५५ रुपये ५२ पैसे. जीएसटी पूर्ण नव्या बिलावर लागतो, जुनं सोनं वजा करून उरलेल्या रकमेवर नाही. जुन्या बांगड्यांचे १,८३,२०० वळते झाल्यावरही खिशातून २८,१३९ रुपये ५२ पैसे जातात. वजन तेवढंच, नक्षी तेवढी नवी. बदल करायचाच असेल तर घासाघीस घटीवर न करता घडणावळीवर करा. आणखी एक विचारून घ्या: विकताना २२ कॅरेटचा दर चोख दराच्या किती टक्क्यांनी लावता, आणि परत घेताना किती? काही ठिकाणी विक्रीला ९२ आणि मोडीला ९१.६ धरतात. पाटीवर ‘घट नाही’ असूनही तिथे थोडं सोनं निसटतं.

आता बोरमाळ. खरी जागरूकता इथे लागते. बोरमाळेचे मणी पातळ पत्र्याचे, आत लाख भरलेली. लाखेमुळेच तो पत्रा चेपत नाही. ३२ ग्रॅममध्ये लाख किती आणि सोनं किती, हे बाहेरून कोणालाच सांगता येत नाही, जुन्या जाणत्या सोनारालाही अंदाजच करावा लागतो. म्हणून पहिला नियम: लाखेचा दागिना अंदाजाने कधीही मोडू नका. पाटीत ‘आटणी करून’ लिहिलं आहे ते तुमच्या फायद्याचं आहे. गर्दीच्या वेळी ‘पस्तीस टक्के लाख धरू आणि लगेच पैसे देऊ’ असं कोणी म्हणालं, तर नाही म्हणा.

आटणी समोर करून घ्या आणि वजन तीनदा लिहून घ्या. पहिलं वजन दागिना आहे तसा, काट्याचं पान रिकामं असताना शून्य दाखवतंय हे बघून. समजा ३२.४०० ग्रॅम भरलं. मग दोरा कापून मणी सुटे करतात, हूक बाजूला काढतात. हुकात पोलादी स्प्रिंग असते. लोहचुंबक फिरवला की ती चिकटून येते, तेवढी बाजूला काढायची. नंतर मणी तापवले की लाख वितळते, धूर करत जळते, काळी राख उरते. मणी धुऊन, पूर्ण कोरडे करून दुसरं वजन घ्यायचं. हे बहुतेक ठिकाणी टाळतात आणि थेट मुशीत टाकतात. तुम्ही आग्रह धरा, कारण निव्वळ सोन्याच्या पत्र्याचं वजन एवढ्या एकाच वेळी दिसतं. समजा ते २२.३८० आलं.

त्यानंतर मुशीत टाकणखार घालून आटवतात, लगडी ओततात, ती साफ करून थंड झाल्यावर तिसरं वजन. समजा २२.१५०. मधले ०.२३० ग्रॅम, म्हणजे साधारण १ टक्का, गेले कुठे? काही राहिलेला मळ आणि लाखेची राख. काही डाकातला, म्हणजे सांधे जोडायच्या मिश्रधातूतला, धातू: सोनं १,०६४ अंशांना वितळतं, तर डाकात असणारं जस्त ९०७ अंशांना आणि कॅडमियम ७६७ अंशांनाच उकळून उडून जातं. जुन्या मण्याला दोन वाट्या जोडायला डाक लागतोच, त्यामुळे एवढी तूट खरी आहे. मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या वजनातला फरक ३-४ टक्क्यांवर गेला तर मूस बघायला मागा. तळाशी किंवा कडेला, टाकणखाराच्या काचेत, बारीक पिवळे मणी अडकलेले दिसले तर ते सोनं तुमचं आहे. मूस पुन्हा तापवून ते लगडीत घ्यायला सांगा. सांगली जिल्ह्यात हे समजावून सांगणारा माणूस लांब शोधावा लागत नाही. विटा, खानापूर, आटपाडी भागातले सोनं-चांदी गाळणारे गलाई कारागीर देशभर हाच धंदा करतात. ओळखीतला एखादा गावी आला असेल तर त्याला सोबत न्या.

मग कस. कॅरेट मशीन फक्त वरचा अगदी पातळ थर वाचतं. म्हणून मशीन अख्ख्या दागिन्यावर लावून आलेला आकडा धरू नका. मुलामा किंवा डाकाची जागा आली की तो चुकतो. लगडी थोडी ठोकून चपटी करून दोन्ही बाजूंनी दोन-तीन जागी वाचन घ्या. आकडे एकमेकांच्या जवळ आले तर धातू नीट एकजीव झाला आहे. ते लांब लांब आले तर लगडी पुन्हा आटवायला हवी. जुन्या बोरमाळा आणि ठुश्या ९१६ च्या खाली येतात याचं आश्चर्य नको. सोनार पत्रा चांगला वापरत, पण मणी लहान असला की सांधे जास्त आणि डाक जास्त, सगळं एकत्र आटलं की कस उतरतो. समजा ८४.० टक्के आला.

आता हिशोब. २२.१५० ग्रॅमचे ८४ टक्के म्हणजे १८.६०६ ग्रॅम चोख. १०,००० ने १,८६,०६०. त्यावर पाटीतली ३ टक्के घट ५,५८१ रुपये ८० पैसे. हातात १,८०,४७८ रुपये २० पैसे. पाटी शब्दशः पाळली तर तुमचं उत्तर एवढं.

आता हीच पाटी कशी ताणली जाते ते बघा. ८४.० ला ‘वीस कॅरेट’ म्हणून ८३.३ धरलं, दर म्हणून फळ्यावरच्या १०,००० ऐवजी ‘मोडीचा दर’ ९,८०० लावला आणि मग ३ टक्के घट. चोख वजन १८.४५१, रक्कम साधारण १,८०,८१९, घट जाऊन १,७५,३९५. पाटीवर ३ टक्केच आहेत, पण ८४ टक्के कसाच्या पूर्ण किमतीच्या मानाने कपात १०,६६५ रुपयांची, म्हणजे जवळपास पावणेसहा टक्के झाली. यातला कोणताही आकडा एकटा पाहिला तर खटकत नाही, म्हणूनच विचारायचं ते आटणीच्या आधी: कस दशांशासकट धरणार का, आणि दर फळ्यावरचाच का?

आणि ‘पस्तीस टक्के लाख’ मान्य केली असती तर ३२.४ मधून ११.३४ जाऊन वजन २१.०६० धरलं गेलं असतं. खऱ्या २२.१५० पेक्षा १.०९ ग्रॅम कमी, कसाने ९,१५६ रुपये. एवढी मोठी कपात टक्क्यांच्या ओळीत कुठेच दिसत नाही.

त्या ३ टक्क्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. दागिना न आटवता घेतला तर डाक, मळ, आटणीतली तूट यांची जोखीम पेढीची असते आणि घट लावणं रास्त आहे. इथे मात्र आटणीची तूट तुम्ही वजनात सोसली, डाक कसात मोजला गेला. उरलेली ३ टक्के ही शुद्धीकरणाचा खर्च आणि पेढीचा नफा आहे. तो घ्यायचा त्यांना हक्क आहे, पण ती रक्कम बोलून कमी होऊ शकते. बदलीत त्याच पेढीतून नवा दागिना घेणार असाल तर १ टक्क्यापर्यंत आणायचा प्रयत्न नक्की करा, आटणीच्या आधी. लगडी झाल्यावर तुमच्या हातात जोर राहत नाही.

कसाबद्दल शंका असेल तर लगडी घेऊन बीआयएस मान्यताप्राप्त परख केंद्रात जाता येतं. केंद्रांची यादी बीआयएस केअर ॲपमध्ये आहे. तिथे अग्निपरीक्षेने कस काढून लेखी अहवाल मिळतो. दागिन्यांसाठी चार नगांपर्यंत २०० रुपये अधिक कर असा दर आहे. लगडीचा दर आधी फोनवर विचारा. हॉलमार्क बांगड्यांची शुद्धता छापापेक्षा कमी निघाली तर गोष्ट वेगळी. बीआयएसच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे कमी पडलेल्या शुद्धतेच्या किमतीच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च विकणाऱ्याकडून मिळतो. त्यासाठी मूळ बिल हवं.

मोडीची पावती घ्या आणि तीवर तिन्ही वजनं, कस, दर, घटीची रक्कम वेगवेगळी लिहून घ्या. नुसता एकूण आकडा नको. आधार किंवा पॅन मागतील, ते रीतसर आहे. १०,००० च्या वरची रक्कम रोख देणं पेढीला आयकराच्या हिशोबात अडचणीचं ठरतं, त्यामुळे बाकी पैसे खात्यावर येतील. खातं दागिना विकणाऱ्याच्याच नावावर हवं. बोरमाळ सासूबाईंच्या नावाने मोडणार असाल तर त्यांचं पासबुक सोबत घेऊन जा.