गाडी सापडलीच नाही तर भरपाई कोण देणार?

प्रश्न: "वकील साहेब, आम्ही करमाळ्याचे. दीड महिन्यापूर्वी माझा मोठा भाऊ रात्री बाइकवरून इंदापूरहून घरी येताना सोलापूर हायवेवर एका टेम्पोने मागून ठोकलं आणि पळून गेला, भाऊ जागेवरच गेला. नंबर कोणी पाहिला नाही. पोलीस म्हणतात शोध चालू आहे. एक जण म्हणतो सरकारकडून दोन लाख मिळवून देतो, पण त्यातले पन्नास हजार त्याचे. वहिनी घाबरतीये की हे पैसे घेतले आणि नंतर टेम्पो सापडला तर पुढची केस बंद होईल. काय करावं?"

उत्तर: वहिनींना सांगा, केस बंद होत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ खाली वाहन सापडत नसेल तर मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार मिळतात, १ एप्रिल २०२२ पासून ही रक्कम आहे, त्याआधी मृत्यूला फक्त २५ हजार होते. हे पैसे घेताना एक हमीपत्र द्यावं लागतं आणि वहिनींना भीती त्याचीच वाटत असणार. त्यात एवढंच असतं की उद्या दुसरीकडून भरपाई मिळाली तर हे दोन लाख परत करू. म्हणजे समजा टेम्पो सापडला आणि ट्रिब्युनलने १४ लाख मंजूर केले, तर दोन वळते होऊन १२ हातात राहतील, बाकी हक्क जसाच्या तसा.

अर्ज करमाळ्यात नाही, अपघात जिथे झाला त्या तालुक्यात करायचा. हद्द इंदापूरची असेल तर तिथले प्रांत किंवा तहसीलदार चौकशी करतात आणि मंजुरी पुण्याचे कलेक्टर देतात. अर्जदार तुम्ही नाही, वहिनी, मुलं आणि आई-वडील असतील तर ते, कारण वारस ते आहेत. नमुना १ चा अर्ज, एफआयआर, पीएम रिपोर्ट, भावाचे आणि अर्जदाराचे आधार, बँक पासबुक आणि ते हमीपत्र, एवढंच लागतं. नियमाप्रमाणे चौकशी एका महिन्यात, मंजुरी पुढच्या १५ दिवसांत आणि पैसे त्यानंतर १५ दिवसांत थेट खात्यात. प्रत्यक्षात फाइल टेबलावर पडून राहते म्हणून पोच घ्या आणि महिन्याने लेखी विचारा. यात एजंटचं काय काम आहे मला तरी कळत नाही, पन्नास हजार कशाचे? कागद भरायला मदत हवी तर तालुका विधी सेवा समितीत जा, महिलांना तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

आता खरी अडचण कुठे येते ते सांगतो. एफआयआर नीट वाचा. त्यात "अज्ञात वाहनाने धडक दिली" असं आहे का? बऱ्याचदा नुसता आकस्मिक मृत्यू, म्हणजे एडी नोंदवलेला असतो किंवा "बाइक घसरून पडला" असं लिहिलेलं असतं, मग तहसीलदार अर्ज परत पाठवतात. तसं असेल तर बाइकच्या मागच्या बाजूला लागलेला मार, पंचनाम्यातल्या टेललाइटच्या काचा, प्रथम कोण पोहोचलं त्याचा जबाब, हे घेऊन आधी गुन्हा दुरुस्त करून घ्या. काही कार्यालयं पोलिसांची ए समरी मागतात, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही असा अहवाल. गाडी न सापडल्याचं पोलिसांचं पत्र तरी लेखी मागाच, सुप्रीम कोर्टानेच जानेवारी २०२४ मध्ये सांगितलंय की महिनाभरात वाहन कळलं नाही तर पोलिसांनी स्वतःहून वारसांना या योजनेची लेखी माहिती द्यायची.

तपास मात्र सोडू नका, कारण मोठी रक्कम टेम्पो सापडण्यातच आहे. सरडेवाडी टोलनाक्याचं आणि रस्त्यावरच्या पंपांचं फुटेज काही दिवसांत पुसलं जातं, अजून जप्त केलं नसेल तर आजच पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या. टेम्पो सापडला की मालक आणि त्याची विमा कंपनी यांच्यावर क्लेम, आणि त्याला कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. ही मुदत सुप्रीम कोर्टात वादात आहे पण त्या भरवशावर बसू नका. ड्रायव्हरला निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, पळून गेल्याबद्दलचं ते दहा वर्षांचं कलम जे ट्रकवाल्यांच्या संपामुळे गाजलं ते अजून लागू केलेलं नाही.

आणि एक गोष्ट तुम्ही विचारलीच नाही. बाइक भावाच्याच नावावर होती का, विमा चालू होता का, लायसन्स होतं का? तिन्ही हो असेल तर पॉलिसीत ओनर-ड्रायव्हर पर्सनल ॲक्सिडेंटची ओळ शोधा, बहुतेक वेळा ते १५ लाखांचं कव्हर असतं आणि चूक कोणाची, टेम्पो सापडला का, याच्याशी त्याचा संबंध नसतो. हा क्लेम भावाच्या स्वतःच्या विमा कंपनीकडे करायचा. दीड महिना झालाय, तेव्हा कंपनीला लेखी कळवायचं काम तहसीलच्या आधी करा.