लाद्यांचं अ‍ॅडहेसिव्ह बदलू का? दहा हजारांचा हिशेब

प्रश्न: गुहागरला आमच्याच जागेत तीन खोल्यांचं होमस्टे बांधतोय, बँकेच्या कर्जावर. आर्किटेक्टने व्हिट्रिफाइड लाद्यांसाठी सी२टीईएस१ वर्गाचं अ‍ॅडहेसिव्ह लिहून दिलंय, २० किलोची पिशवी ११५० रुपये. कंत्राटदार म्हणतो, हा माल चिपळूणच्या डीलरकडे यायला दहा दिवस लागतील, पण दुसऱ्या कंपनीचं ‘समतुल्य’ अ‍ॅडहेसिव्ह ६९० रुपयांत आजच मिळतंय. सोबत त्याने तुलनेचा तक्ता आणि लॅबचा रिपोर्ट दिलाय आणि बिलातून दहा हजार कमी करतो म्हणतो. गच्ची ५८५ चौरस फूट, बाथरूम मिळून ४०५, आतल्या खोल्या ८१०; एकूण ४० पिशव्या. पावसाआधी काम संपवायचंय. हो म्हणू का?

उत्तर: आतल्या खोल्यांसाठी हो म्हणा. गच्ची आणि बाथरूमसाठी, निदान या कागदांवर तरी, नाही म्हणा. कंत्राटदार फसवतोय असं मला अजिबात वाटत नाही. त्याने तोंडी विचारण्याऐवजी तक्ता आणि रिपोर्ट दिला, हे आपल्याकडे तसं दुर्मीळच. पण ते कागद काय सिद्ध करतात आणि काय नाही, ते बघावं लागेल.

आधी साधा गुणाकार. पिशवीमागे फरक ४६० रुपये, ४० पिशव्यांचे झाले १८,४००. तुम्हाला मिळणार दहा हजार. उरलेले ८,४०० कुठे गेले ते विचारायला लाजू नका. ठरलेल्या मालाऐवजी स्वस्त माल वापरला, तर दरातला सगळा फरक मालकाच्या खात्यात यायला हवा, तोही दोन्ही दुकानांची दरपत्रकं समोर ठेवून.

आता तुम्ही पाठवलेला तक्ता. त्यात ‘चिकटण्याची ताकद’ या ओळीत एकीकडे १.५ आणि दुसरीकडे १.४ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर लिहिलंय. बघताना दोन्ही सारखीच वाटतात, कारण नावातल्या सी२ या पकडीच्या वर्गाला किमान १ लागतो. हा १ म्हणजे किती? चाचणीत ५० बाय ५० मिलिमीटरचा लादीचा तुकडा चिकटवून तो सरळ वर ओढतात. वर्गात बसायचं तर तो साधारण २५५ किलोची ओढ सहन करून जागेवर राहिला पाहिजे.

मुद्दा असा, की ही ओढाओढ एकदाच करून भागत नाही. एक नमुना २८ दिवस कोरड्या खोलीत ठेवून ओढतात. दुसरा ७ दिवस कोरडा ठेवतात आणि पुढचे २१ दिवस पाण्यात बुडवून मग ओढतात. तिसरा १४ दिवस ७० अंशांच्या भट्टीत घालून ओढतात. गोठवून-वितळवूनही एक चाचणी असते, पण गुहागरला तिची काळजी करायचं कारण नाही. सी२ म्हणवून घ्यायचं तर प्रत्येक परीक्षेत १ च्या वर राहावं लागतं. तुमच्या तक्त्यातला १.४ कुठल्या परीक्षेतला, ते तक्त्यात लिहिलेलं नाही. रिपोर्ट उघडला तर त्यात एकच निकाल आहे, २८ दिवस कोरड्या नमुन्याचा. पाण्यातला नाही आणि उष्णतेतलाही नाही.

गच्चीसाठी नेमका तोच निकाल लागतो. व्हिट्रिफाइड लादी पाणी जवळजवळ पीत नाही, त्यामुळे नुसतं सिमेंट तिच्या पाठीत मुरून धरू शकत नाही. पकड येते ती अ‍ॅडहेसिव्हमधल्या पॉलिमरमुळे. हे पॉलिमर ओलं राहिलं की थोडं मऊ पडतं, म्हणून ओल्या नमुन्याचा आकडा कोरड्यापेक्षा बऱ्याचदा कमी येतो. किती कमी, ते पॉलिमर कुठलं आणि किती घातलंय यावर. ११५० आणि ६९० मधला फरकही बराचसा तिथेच असतो. कोरड्यात १.४ दाखवणारा माल ओल्यात १.१ वर थांबेल किंवा ०.६ वर येईल, हा रिपोर्ट त्याबद्दल काहीच सांगत नाही. आणि आपल्याकडे गच्चीवरच्या सांध्यांतून उतरलेलं पाणी जून ते सप्टेंबर लादीखाली वस्तीलाच असतं.

दुसरी गोष्ट, तक्त्यात एस१ ची ओळच नाही. एस१ म्हणजे वाळलेल्या अ‍ॅडहेसिव्हची पट्टी मोडण्याआधी किमान अडीच मिलिमीटर वाकली पाहिजे. एप्रिल-मेच्या उन्हात गच्चीची लादी भाजून निघते आणि पहिल्या वळवाच्या सरीत एकदम थंड पडते. खालचा स्लॅब मात्र त्या वेगाने थंड होत नाही. लादी आणि स्लॅबमधली ही ओढाताण अ‍ॅडहेसिव्हने सोसावी, म्हणून आर्किटेक्टने ती दोन अक्षरं लिहिली आहेत. कंत्राटदाराचा माल त्याच्याच तक्त्याप्रमाणे नुसता सी२टीई आहे, पुढे एस१ नाही. मग गच्चीपुरता तो समतुल्य नाहीच, एक पायरी खालचा आहे.

आणखी एक ओळ वाचून हसू आलं. एका पिशवीत नव्या मालाचं ५५ चौरस फूट काम होतं आणि जुन्याचं ४५, असं तक्ता म्हणतो. खाली बारीक अक्षरांत पाहिलं तर नव्याचा थर ३ मिलिमीटर धरलाय, जुन्याचा ४. थर पातळ धरला की क्षेत्रफळ वाढणारच. ५५ खरं असतं तर १८०० चौरस फुटांना ३३ पिशव्या पुरल्या असत्या, पण कंत्राटदारही ४० च मागतोय. म्हणजे त्या ओळीवर त्याचाही भरवसा नाही.

आता पैशाचा खरा प्रश्न. गच्चीला १३ पिशव्या लागतात. पूर्ण फरक मिळाला तरी गच्चीवर तुमचे वाचतात ५,९८०. दहा हजारांच्या सवलतीतला वाटा धरला तर जेमतेम ३,२५०. लाद्या सुटल्या तर खर्च काय, तो तुमच्याच अंदाजपत्रकातल्या दरांवरून काढू. लादी ७० रुपये फूट, परत लावायचं अ‍ॅडहेसिव्ह २५, मजुरी ४०, तोडणं आणि राबिट उचलणं २५. वर वॉटरप्रूफिंगचे ६० धरा, कारण हातोडा-छिन्नीने लादी काढताना खालचा थर शाबूत राहत नाही. तुमच्या अंदाजपत्रकात हे शेवटचे ६० दुरुस्तीच्या हिशेबात कुणी धरलेलेच नाहीत. एकूण २२० रुपये फूट, ५८५ फुटांचे १,२८,७००. त्यात बंद खोल्यांचं बुडालेलं भाडं नाही आणि कर्जाचा हप्ता तर त्या महिन्यातही जातोच.

५,९८० ला १,२८,७०० ने भागलं की साधारण ४.६ टक्के येतात. म्हणजे नव्या मालामुळे गच्चीच्या लाद्या सुटण्याची शक्यता शंभरात पाचने जरी वाढली, तरी बचत संपून तुम्ही तोट्यात जाता. ३,२५० वर हीच रेषा अडीच टक्क्यांवर येते. ओल्याचा रिपोर्ट नाही, एस१ नाही, वर कोकणातली उघडी गच्ची. अशा ठिकाणी शक्यता अडीच टक्क्यांपेक्षा कमीच वाढेल, असं छातीठोकपणे सांगणारा फरशीवाला मला भेटलेला नाही. बाथरूमच्या ९ पिशव्यांत ४,१४० वाचतात. तिथे ऊन नाही, पण पाणी रोजचं आहे आणि खालच्या खोलीचं छत ओलं झालं तर पाहुणे परीक्षणात लिहितात.

आतल्या खोल्यांचं गणित मात्र उलटं. १८ पिशव्या, ८,२८० रुपये. जागा कोरडी, सावलीतली, खाली कोबा. कंत्राटदाराकडचा पुरावाही कोरड्या पकडीचाच आहे, म्हणजे जागेला लागतो तेवढा पुरावा हातात आहे. फक्त रिपोर्टवरचं मालाचं नाव पिशवीवरच्या नावाशी अक्षरशः जुळतंय का ते बघा. एकाच कंपनीच्या नावात शेवटी एक शब्द बदलला की माल वेगळा असतो. आणि पिशवीवर आयएस १५४७७ या लाद्यांच्या अ‍ॅडहेसिव्हच्या भारतीय मानकाचा उल्लेख व उत्पादनाची तारीख आहे का तेही पाहा. कोकणच्या दमट गोदामात जुनी पिशवी आतून गठ्ठे धरते.

असं केलं की दहा दिवसांची अडचणही सुटते. मूळ मालाच्या २२ पिशव्यांची ऑर्डर आजच द्या, आगाऊ पैसे स्वतः भरावे लागले तरी चालेल. तोवर आतल्या खोल्या नव्या मालाने होऊ द्या, माणसं रिकामी बसणार नाहीत. मूळ माल आला की बाथरूम, मग गच्ची. दोन्ही पिशव्या एकाच वेळी साइटवर ठेवू नका. संध्याकाळी घाई असली की गवंडी हाताला लागेल ती पिशवी फोडतो, आणि एकदा कालवल्यावर दोन्ही राखाडीच दिसतात.

कंत्राटदार म्हणेल, पाण्यातला रिपोर्ट मागवतो. तो आधीच केलेला असेल आणि एनएबीएल मान्यतेच्या लॅबचा असेल, तर जरूर बघा. सोबत एस१ चाही मागा आणि दोन्ही आर्किटेक्टकडून तपासून घ्या. नव्याने चाचणी करायची तर पाण्याच्या परीक्षेलाच २८ दिवस जातात. तेवढ्यात तुमचा मे महिना संपेल.

परवानगी लेखी द्या, पण शब्द सांभाळून. नुसतं ‘मान्य’ लिहून सही केलीत, तर उद्या लादी सुटून पोकळ वाजली की कंत्राटदार तोच कागद दाखवेल. ‘फक्त आतल्या खोल्यांसाठी, ८१० चौरस फूट, १८ पिशव्या, दरातला पूर्ण फरक ८,२८० बिलातून वजा, कामाची जबाबदारी पूर्वीप्रमाणेच कंत्राटदाराची’ एवढं त्यात हवं. लाद्यांच्या मजुरीतले दहा टक्के, म्हणजे ७,२००, पहिला पावसाळा सरेपर्यंत राखून ठेवा. मात्र त्या ७,२०० च्या भरवशावर गच्चीचा धोका घेऊ नका, कारण सव्वा लाखाच्या दुरुस्तीपुढे ते काहीच नाहीत. घराच्या विम्यातही सदोष माल किंवा कामामुळे सुटलेल्या लाद्या सहसा बसत नाहीत.

शेवटी, गच्चीचं काम चालू असताना सकाळी एकदा आणि दुपारी वारा सुटल्यावर एकदा तिथे जा. पसरलेल्या अ‍ॅडहेसिव्हच्या रेघांवर बोट लावा. बोटाला काही लागलं नाही, तर वर साय धरली आहे. तो थर खरवडून काढायला सांगा, मग पिशवी ११५० ची असो की ६९० ची. नुकती बसवलेली एखादी लादी उचलायला लावून तिची पाठ बघा. उघड्या आणि ओल्या जागी पाठीचा किमान ९५ टक्के भाग अ‍ॅडहेसिव्हने भरलेला हवा. चार कोपऱ्यांत चार गोळे आणि मधे पोकळी दिसली, तर त्या दिवसाचं काम तिथेच थांबवा आणि आर्किटेक्टला फोन करा.