बाटलीवरचा आकडा आधी वाच

प्रिय डॉक्टर,

पुढच्या आठवड्यापासून तू बालरुग्णांच्या ओपीडीत बसणार, म्हणून डोस काढण्याबद्दल लिहितो आहे. हिशेब म्हटला तर शाळकरी आहे: वजनाला प्रतिकिलो मिलिग्रॅमने गुणायचं आणि आलेल्या आकड्याला एका मिली औषधात जितके मिलिग्रॅम असतात त्याने भागायचं. गुणाकार-भागाकारात कुणी फारसं चुकत नाही. चुका होतात त्या बाटलीवरचा आकडा न बघितल्याने, आणि पुस्तकात दिलेला डोस दिवसाचा की एका वेळेचा हे न बघितल्याने. म्हणून या दोनच जागांवर लिहितो.

त्याआधी वजन. ते त्याच दिवशी, काट्यावर, किलोत. आईने सांगितलेलं वजन बहुतेक वेळा मागच्या लसीकरणाच्या दिवसाचं असतं, आणि बाळ साधारण पाच महिन्यांत जन्मवजनाच्या दुपटीवर जातं. दोन महिन्यांपूर्वीचा आकडा धरलास तर डोस कमी पडणार. वयावरून वजन काढायची सूत्रं आहेत, पण ती आणीबाणीत मूल काट्यावर ठेवताच येत नसेल तेव्हासाठी.

आता तापाचं औषध घे. पॅरासिटामॉल एका वेळेला किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तास. दिवसभराची मर्यादा मी किलोमागे ६० मिलिग्रॅम धरतो. समोरचं बाळ आहे ८ किलोचं. १५ गुणिले ८, म्हणजे १२० मिलिग्रॅम. दिवसाची मर्यादा ४८० मिलिग्रॅम, म्हणजे असे चार डोस.

इथवर मिलिग्रॅम झाले; मिली अजून आलेच नाहीत. आपल्याकडे हेच औषध किमान तीन रूपांत मिळतं. एका सिरपवर ‘५ मिलीत १२० मिलिग्रॅम’ लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर ‘५ मिलीत २५० मिलिग्रॅम’, आणि थेंबांच्या छोट्या बाटलीवर ‘१ मिलीत १०० मिलिग्रॅम’. प्रत्येक वेळी आधी एका मिलीवर उतर: पहिल्यात २४, दुसऱ्यात ५०, तिसऱ्यात १००. मग भाग दे. १२० भागिले २४ म्हणजे ५ मिली. भागिले ५० म्हणजे २.४ मिली, भागिले १०० म्हणजे १.२ मिली. बाळ तेच, ताप तोच, औषध तेच, आणि मिली तीन निरनिराळे.

चिठ्ठीवर नुसतं ‘पॅरासिटामॉल सिरप ५ मिली’ लिहिलंस आणि दुकानातून २५० ची बाटली आली, तर त्या बाळाला एका वेळेला २५० मिलिग्रॅम जातील, किलोमागे ३१. दिवसातून चार वेळा दिलं तर १२५, मर्यादेच्या दुपटीहून जास्त. तीन-चार दिवस असंच चाललं तर यकृताला धोका आहे. थेंबांची बाटली घरी असली आणि आईने त्यातूनच ५ मिली मोजले, तर एकाच वेळेला ५०० मिलिग्रॅम. थेंबांची बाटली लहान दिसते म्हणून लोकांना ते सौम्य औषध वाटतं. प्रत्यक्षात तीनही बाटल्यांत तेच सर्वांत तीव्र असतं. म्हणून चिठ्ठीवर औषधाचं नाव, ‘५ मिलीत अमुक मिलिग्रॅम’, मग मिली, मग किती तासांनी, हे सगळं एकाच ओळीत लिही. दुकानात दुसऱ्या ताकदीची बाटली असली तर फार्मासिस्टला निदान विचारायला कारण मिळतं.

आणखी एक विचारत जा: घरी तापाचं दुसरं काही चालू आहे का? आयबुप्रोफेन-पॅरासिटामॉलच्या जोडसिरपमध्ये ५ मिलीला १६२.५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं. सर्दीच्या कित्येक औषधांतही ते असतं. पालकांच्या लेखी ही वेगवेगळी औषधं. तुझ्या हिशेबात ती एकाच रकान्यात येतात.

दुसरी जागा अँटिबायोटिकची. ११ किलोचं मूल, कान फुटलेला, आणि तू अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट किलोमागे ४५ मिलिग्रॅम द्यायचं ठरवलं आहेस. हे ४५ दिवसाचे आहेत, दोन वेळांत विभागून. ११ गुणिले ४५ म्हणजे ४९५. अर्धे केले की एका वेळेला साधारण २४७ मिलिग्रॅम. ही ‘अर्धे करायची’ पायरी गाळली की मुलाला दुप्पट औषध जातं. डोस वाचताना आकड्यापुढचे शब्द, ‘दिवसाला’ की ‘डोसला’, आकड्याइतकेच मोठ्याने वाच.

आता बाटली. तिच्यावर २२८.५ लिहिलेलं आहे, आणि नवखे नेमके इथे अडकतात. त्यात २०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन आहे आणि २८.५ क्लॅव्ह्युलॅनेट. पुस्तकातले ४५ हे अमॉक्सिसिलिनचे आहेत, म्हणून भागाकार २०० वर करायचा. ५ मिलीत २००, १ मिलीत ४०; २४७ भागिले ४० म्हणजे ६.२ मिली. २२८.५ वर भागलंस तर ५.४ मिली येईल आणि मुलाला दिवसाला किलोमागे ४५ ऐवजी ३९ च मिळतील. फरक डोळ्यांत भरत नाही, त्यामुळे तो कुणी पकडतही नाही.

हेच औषध ४५७ च्या बाटलीतही मिळतं: ४०० अमॉक्सिसिलिन, ५७ क्लॅव्ह्युलॅनेट. त्यातून ३.१ मिली. मी इथे ३ मिली लिहीन. ते २४० मिलिग्रॅम होतात, दिवसाला किलोमागे जेमतेम ४४. इतका फरक चालतो. शिवाय मुलाला दर वेळी ६ मिली गिळवण्यापेक्षा ३ मिली गिळवणं सोपं.

मोजायला घरचा चमचा नको. कुठला तीन मिलीचा असतो, कुठला सातचा. सुई नसलेली सिरिंज दे आणि ती कितीची द्यायची तेही ठरव: ५ मिलीच्या सिरिंजवर रेघा ०.२ च्या असतात, तिच्यावर २.४ नेमकं दिसतं, १.२ साठी २ मिलीची, ०.१ च्या रेघांची. आईसमोर त्या रेघेवर पेनाने खूण कर आणि तिच्याकडून एकदा पाणी ओढवून घे. आकडा लिहिताना ‘५.०’ नको, टिंब पुसट झालं की ५० वाचतात, ‘.५’ पण नको, ‘०.५’ लिही.

मूल मोठं असलं की वरची हद्द बघ. ४५ किलोच्या मुलाला १५ ने गुणून ६७५ येतात, पण मोठ्या माणसाला नेहमी देतो त्या ५०० ते ६५० च्या पुढे मी जात नाही. उलट टोकाला, तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप असेल तर मिलीचा हिशेब नंतर, आधी त्याला वरिष्ठांना दाखव.

शेवटचं, कोरड्या सिरपचं. आतली पूड आधी हलवून मोकळी करायची, मग उकळून गार केलेलं पाणी खुणेच्या थोडं खाली घालून जोरात हलवायचं, फेस बसू द्यायचा, आणि मग खुणेपर्यंत पाणी. फेसावरच खूण गाठली तर पाणी कमी पडतं आणि औषध ठरलेल्यापेक्षा तीव्र होतं. खुणेच्या वर गेलं तर पातळ. बाटली प्रत्येक डोसाआधी हलवायची, नाहीतर पहिले दिवस पाणी आणि शेवटचे दिवस गाळ. ३ मिली दोनदा, पाच दिवस, म्हणजे बरोबर ३० मिली. पण सांडणं आणि थुंकणं धरलं तर ३० ची बाटली पुरत नाही, तेव्हा दोन लिही. दुसरी फोडायची ती पहिली संपल्यावरच, कारण पाणी घातलेलं हे औषध फ्रिजमध्येही सातच दिवस टिकतं.

तुझा,
एक ज्येष्ठ सहकारी