एफवायला इकॉनॉमिक्सचं पहिलं पुस्तक कुठलं घ्यावं

अरे, सुरुवातीलाच जाडजूड टेक्स्टबुक नको घेऊस, टिम हारफर्डचं 2005 चं 'द अंडरकव्हर इकॉनॉमिस्ट' घे आणि कॉफीवरचा पहिलाच चॅप्टर सावकाश वाच. लंडनच्या वॉटरलू स्टेशनवर कॉफी महाग का, तर आपण पटकन म्हणतो जागेचं भाडं जास्त म्हणून, पण तो जुना अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डो याने दिलेलं शेतजमिनीचं उदाहरण घेऊन उलटं दाखवतो, की घाईतले लोक जास्त पैसे मोजायला तयार असतात आणि तशा मोक्याच्या जागा मोजक्याच, म्हणून मालकाला भाडं चढवता येतं. मला तर हा भाग दोनदा वाचल्यावर कळला. मग एफसी रोडला जा, मेन रोडवरचा आणि आतल्या गल्लीतला कॉफीचा रेट वहीत लिही, शेजारी नवीन दुकान आलं की भाव हलतो का तेही बघ. आलेख-बिलेख या पुस्तकात फारसे नाहीत, ते नंतर कॉलेजच्या पुस्तकातून कर.