चार पानांचं टिपण एका पानात बसवताना

प्रश्न: तहसील कार्यालयात टंचाईचं काम नुकतंच माझ्याकडे आलंय. एका गावाच्या पाण्याचा विषय तीन वर्षं चिघळलाय आणि जिल्हाधिकारी मॅडमनी 'एका पानात द्या, पर्यायांसह' असं सांगितलंय. माझं टिपण चार पानांचं झालंय आणि सगळंच महत्त्वाचं वाटतंय. काय कापू?

उत्तर:

आत्ता काहीच कापू नका. चार पानं बाजूला ठेवा आणि कोऱ्या कागदावर एकच वाक्य लिहा: मॅडमनी कोणता आदेश द्यायचा आहे, आणि कोणत्या तारखेपर्यंत. चार पानांमधून खाली येत गेलात तर एक पान होतं खरं, पण ते नस्तीचा गोषवारा होतं. तो वाचून वरिष्ठांना विषय कळतो, निर्णय घेता येत नाही. मग शेऱ्यात येतं 'चर्चा करावी'. हा शेरा आला की टिपण फसलं असं समजा.

हे वाक्य लिहायला वाटतं तितकं सोपं नाही. 'गावास पाणीपुरवठा करणेबाबत' हा विषय झाला, आदेश नव्हे. 'खासगी विहिरीचं अधिग्रहण 1 एप्रिलपासून करावं की दोन टँकर लावावेत' हा आदेश झाला. तो कोणाच्या अधिकारातला आहे तेही इथेच तपासा. टँकर मंजुरीचे अधिकार कोणाकडे आहेत हे चालू वर्षाच्या शासनपत्रात बघून घ्या, मागच्या वर्षीचं पत्र धरून चालू नका. वरिष्ठांच्या हातात नसलेला पर्याय पानावर आला की जागा वाया जाते. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं गेलं, पण तो निर्णय एका टेबलावर होणारा नव्हता. तुमच्या गावासाठी 'धरणातून नवी पाइपलाइन' हा पर्याय तसलाच. तो दीर्घकालीन उपाय म्हणून पताकेत जाऊ द्या.

तुम्ही आकडे दिलेले नाहीत, म्हणून मी उदाहरणाचं गाव धरतो. आकडे उदाहरणापुरतेच घ्या, पण गणिताची रीत तीच ठेवा. गावाची प्रादेशिक योजना वीजबिलाच्या थकबाकीमुळे बंद आहे. जवळ एक चांगली विहीर आहे, पण मालकाची मोसंबीची बाग तिच्यावर आहे आणि मागच्या वर्षीच्या अधिग्रहणाचा मोबदला त्याला अजून मिळालेला नाही. टँकर भरायचं ठिकाण 22 किलोमीटर लांब. चौथं पान भरलं असेल ते सरपंच आणि माजी सरपंचांच्या परस्परविरोधी अर्जांनी.

आधी मागणीचा आकडा पक्का करा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. टँकरसाठी ग्रामीण भागात माणशी रोज 20 लिटर धरतात. प्रश्न माणसं किती हा. ग्रामसेवकाचा आकडा बहुतेक वेळा डिसेंबरात आराखडा करताना दिलेला असतो, तेव्हा बरीच माणसं ऊसतोडीला गेलेली असतात. मार्च-एप्रिलमध्ये कारखान्यांचा पट्टा पडला की टोळ्या परत येतात आणि ऐन टंचाईत गाव भरतं. डिसेंबरातल्या 2,100 च्या हिशोबाने लावलेला टँकर मग वस्तीवर पुरत नाही, आणि तक्रार मात्र 'टँकर येतच नाही' अशी होते. म्हणून परत आलेली माणसं धरून 2,400 लिहा. 2,400 गुणिले 20 म्हणजे रोज 48,000 लिटर, म्हणजे 12,000 लिटरच्या टँकरच्या चार खेपा.

आता विहीर. 'विहिरीस मुबलक पाणी आहे' हे वाक्य पंचनाम्यात चालतं, या पानावर नाही. मोटार चालू करून टँकर किती मिनिटांत भरतो ते घड्याळ लावून बघा आणि विहीर किती वेळ टिकते ते बघा. 12,000 लिटर 40 मिनिटांत भरले तर तासाला 18,000. दिवसाला दोन तास उपसा टिकला तर 36,000 लिटर. म्हणजे गरजेच्या तीन चतुर्थांश पाणी दीड किलोमीटरवर आहे आणि लांबून फक्त एक खेप आणावी लागते. या एका मोजणीने तुमच्या पर्यायांची मांडणीच बदलते. त्याच वेळी पाण्याचा नमुना तपासणीला पाठवा. अहवाल खराब आला तर हा पर्याय राहतच नाही, आणि ते आदेशावर सही झाल्यावर कळणं फार वाईट.

आता मी करीन ते पान असं:

विषय: टंचाईग्रस्त गावास 1 एप्रिलपासून तातडीचा पाणीपुरवठा, आदेशार्थ.

निर्णय अपेक्षित: 31 मार्चपर्यंत. सार्वजनिक विहिरीतील पाणी त्यानंतर साधारण 4 दिवस पुरेल (संयुक्त पाहणी, पताका अ).

स्थिती: लोकसंख्या 2,400 (परतलेले ऊसतोड मजूर धरून), गरज रोज 48,000 लिटर. सहा गावांची प्रादेशिक योजना थकबाकीमुळे बंद. 5 लाख भरल्यास वीज जोडून देण्याची महावितरणची लेखी तयारी (पताका ब).

पर्याय 1. दोन टँकर, 22 कि.मी. वरून. 2 दिवसांत सुरू. रोज 9,000 रुपये. 15 जूनपर्यंत सुमारे 6.8 लाख. कोणाचाही विरोध नाही. भरण्याच्या ठिकाणी वीज गेल्यास खेपा चुकतात.

पर्याय 2. खासगी विहीर अधिग्रहण आणि एक टँकर. 3 दिवसांत सुरू. मोबदल्यासह रोज 4,000 रुपये. विहीरमालकाची हरकत: बाग, आणि मागील मोबदला थकीत. मागील वर्षी मे महिन्यात उपसा एक तासावर आला होता. 10 मेनंतर भरवसा नाही.

पर्याय 3. थकबाकीचा हप्ता भरून योजना सुरू करणे. गळती दुरुस्तीसह 6.2 लाख, 20 दिवस. सहाही गावांना पाणी. सहांपैकी चार ग्रामपंचायतींची संमती प्राप्त, दोन बाकी.

शिफारस: पर्याय 2 तात्काळ, मागील मोबदला आधी अदा करून, पर्याय 3 ला सोबतच मान्यता. योजना सुरू होताच अधिग्रहण बंद. 20 एप्रिलपर्यंत योजना सुरू न झाल्यास पर्याय 1 चा प्रस्ताव पुन्हा सादर करू.

एवढंच. साध्या टाइपात, समास न आवळता हे पानात बसतं आणि खाली शेऱ्याला जागा उरते. ती जागा मुद्दाम ठेवा.

यात कुठे काय केलं ते सांगतो. तीन वर्षांच्या इतिहासातलं 'थकबाकीमुळे बंद' आणि 'मोबदला थकीत' एवढंच घेतलं, कारण तेवढ्यानेच निवड बदलते. कापायची माझी कसोटी हीच आहे: हे वाक्य काढलं तर कोणाचा पर्याय बदलेल का? नाही बदलत, तर पताकेत. सरपंच-माजी सरपंचांचे अर्ज या कसोटीवर पूर्ण गेले. 'भीषण', 'तीव्र', 'ग्रामस्थ हवालदिल' हेही गेले. ते काम 'साधारण 4 दिवस' हे तीन शब्द करतात.

प्रत्येक पर्यायात तो कुठे मोडतो हे लिहिलं आहे, शिफारस केलेल्यातसुद्धा. अनेकजण इथे लबाडी करतात. आपल्या आवडीचा एक पर्याय सजवून ठेवतात आणि सोबत दोन बुजगावणी उभी करतात. वरिष्ठांना ते पहिल्या मिनिटात दिसतं आणि मग त्यांचा तुमच्या आकड्यांवरचाही विश्वास जातो. पर्याय खरा आहे का हे ओळखायची खूण अशी की बैठकीत त्याची बाजू घेणारं कोणीतरी हवं. इथे टँकर बीडीओंना सोयीचा, कारण भांडण नाही. विहीर आपल्याला स्वस्त. योजना पाणीपुरवठ्याच्या उपअभियंत्यांना हवी. तिन्हींना धनी आहे.

आणि आकडे शेजारी ठेवल्यावर जे दिसतं ते बघा. एकट्या गावाला पावसाळ्यापर्यंत टँकर पाजायला 6.8 लाख. वीस दिवस विहीर वापरून योजना सुरू केली तर 80 हजार आणि 6.2 लाख, म्हणजे बरोबर 7 लाख, आणि त्यात सहा गावांना पाणी. चार पानांच्या टिपणात ही तुलना बहुधा नसतेच, कारण टँकरचा खर्च रोजच्या दराने एका पानावर आणि थकबाकी एकरकमी दुसऱ्या पानावर असते. सगळे पर्याय एकाच कालावधीला आणून मांडा.

मात्र इथे एक खाच आहे. या दोन्ही रकमा एकाच खिशातल्या नसतात. टँकर टंचाई निधीतून होईल. थकबाकी कशातून भरायची, ग्रामपंचायतींच्या वित्त आयोगाच्या बंधित निधीतून की आणखी कशातून, हे लेखा शाखेकडून लेखी घ्या आणि पताकेत लावा. मॅडमचा पहिला प्रश्न तोच असेल. तोंडी 'होऊन जाईल साहेब' यावर पर्याय 3 उभा करू नका.

विहीरमालकाबद्दल थोडं जास्त. टिपण सादर व्हायच्या आधी त्याला स्वतः भेटा. अधिग्रहणाचा आदेश निघाल्या दिवशी तो दालनात येणार, आणि एकटा येणार नाही. त्याचं म्हणणं तुमच्या पानावर आधीच, त्याच्याच मुद्द्यांत असेल तर मॅडमना ते नवीन वाटत नाही. मागचा मोबदला आधी द्यायची अट शिफारशीत घातली ती त्यासाठीच. बागेला दिवसाआड किती पाणी सोडायचं हेही त्याच्याशी बोलून आदेशाच्या मसुद्यात घाला. तोंडी कबूल केलेलं विहिरीवर मोटार चालवणाऱ्याला माहीत नसतं आणि पहिलं भांडण तिथेच होतं.

पताका चारांवर नेऊ नका: संयुक्त पाहणी, महावितरणचं पत्र, उपसा मोजणी आणि पाणी तपासणी एकत्र, आणि लेखा शाखेचा अभिप्राय. दोन्ही आदेशांचे मसुदे सोबत तयार ठेवा, म्हणजे शेरा आल्यावर त्याच दिवशी निघतील. राहिलेल्या दोन ग्रामपंचायतींची संमती सादर करायच्या सकाळपर्यंत आली नाही तर पर्याय 3 चे 20 दिवस तसेच ठेवू नका. त्यांच्या मासिक सभेची तारीख विचारा, तितके दिवस वाढवा, आणि शिफारशीतली 20 एप्रिल त्याप्रमाणे बदला.