उताराच्या शेतातली माती दर पावसाळ्यात वाहून जाते. बांध घातला, तोही फुटला. आता उतारावर पायऱ्या काढून मजगी करू की गवत लावू?

बांध कुठे फुटला ते आधी जाऊन बघा. मी मृदसंधारणाच्या कामावर असताना फुटलेले बांध बहुधा दोन ठिकाणी सापडायचे: बांध खोलगट जागेवरून जातो तिथे, नाहीतर सांडवाच ठेवलेला नसतो तिथे. हद्दीला धरून सरळ घातलेला बांध क्वचितच एका पातळीत येतो. सगळं पाणी त्याच्या सखल भागाकडे धावतं, तिथे तुंबतं आणि माथ्यावरून सांडू लागलं की खिंडार पडायला वेळ लागत नाही.

तुमची जमीन हलकी, मुरमाड आणि पाऊस बेताचा असेल तर समपातळी बांधच घाला, पण आखणी नीट करा. पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने पातळी घ्या. समजा, 20 मीटरमध्ये जमीन 60 सेंटीमीटर उतरली, म्हणजे उतार 3 टक्के. त्याला 3 ने भागून 2 मिळवा आणि 0.3 ने गुणा: 0.9 येतं. म्हणजे दर 90 सेंटीमीटर उतरणीला, जमिनीवर 30 मीटरवर, एक बांध. त्या पातळीचे बिंदू फक्कीने जोडले की रेघ वाकडीतिकडी दिसेल. दिसू द्या, फक्त फार तीव्र वळणं थोडी सरळ करा. सांडवा असा ठेवा की बांधामागे साधारण 30 सेंटीमीटर पाणी चढलं की जास्तीचं बाहेर पडेल. सांडव्याखाली दगड रचायला विसरू नका, नाहीतर पाणी तिथेच खड्डा पाडतं. भर घालताना दर थर चोपा आणि उंची थोडी जास्त धरा, कारण नवी माती दबते.

खोल काळ्या जमिनीत मात्र हे करू नका. उन्हाळ्यात बांधाला भेगा पडतात, पावसाचं पाणी त्यांतून शिरून बांध फोडतं. नाही फुटला तर वरच्या अंगाला पाणी साचून पीक पिवळं पडतं. तिथे बांधाला 100 मीटरला 20-30 सेंटीमीटर ढाळ देऊन पाणी गवताळ चरात सोडावं.

मजगी कोकणातल्या भातासाठी, डोंगरउतारावर ठीक. 3 टक्क्यांवर तो खर्च मला पटत नाही. शिवाय मातीचा थर पातळ असेल तर खोदाईत खालचा मुरूम वर येतो. करायचीच असेल तर वरची माती बाजूला काढून ठेवा आणि शेवटी परत पसरा.

गवत बांधावर लावाच, आणि दोन बांधांच्या मधे समपातळीवर एक ओळही. त्यासाठी वाळा उत्तम: मुळं खोल जातात आणि जून पाती गुरं सहसा खात नाहीत. पहिला चांगला पाऊस झाला की ठोंब 10 ते 15 सेंटीमीटरवर लावा. ओळ दाट झाली की गाळ तिच्यामागे साचत जातो आणि काही वर्षांत आपोआप पायरी तयार होते. पण ओळीत फट राहिली तर अडलेलं सगळं पाणी त्या फटीतूनच जोरात जातं आणि तिथे घळ पडते, म्हणून मेलेले ठोंब त्याच पावसाळ्यात बदला.